दादूची सहा पुस्तकं : डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी पुस्तक निवडण्याचं एक प्रकरण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक ताई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. सोलापुरात मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते आणि वाचायला अडखळणारी मुलंच बहुतेक माझ्याकडे येतात. मुलगा साडेनऊ वर्षांचा, मराठी माध्यमात चौथीत. घरी त्याला सगळे दादू म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी शिवणकाम करते, आजी आणि धाकटी बहीण. मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी झालेली होती, डिस्लेक्सियाचा, म्हणजे अक्षरं आणि शब्द वाचण्यातच येणाऱ्या अडचणीचा, अहवाल हातात होता. बुद्धी चांगली, नजर आणि ऐकू येणं व्यवस्थित.

ताईंनी कापडी पिशवीतून सहा पुस्तकं काढून टेबलावर मांडली. "मॅडम, वाचनाची गोडी लागली की सुधारेल असं सगळे म्हणतात. म्हणून आणत गेले. एकही पूर्ण झालं नाही." त्यांचा प्रश्न सरळ होता : कुठलं पुस्तक आणू?

या लेखात मी तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर मांडते आहे. दादूला अक्षर-ध्वनीचं शिकवणं वेगळं चालू होतं आणि ते आजही चालू आहे. पुस्तक बदलल्यानं डिस्लेक्सिया जात नाही. पण चुकीच्या पुस्तकानं शिकवलेलं वाया जाताना मी पाहिलं आहे.

पुस्तकांआधी मी दादूची दोन मापं घेतली. एक, तो स्वतः मोठ्यानं वाचतो तेव्हा मिनिटाला किती शब्द होतात. दुसरीच्या पातळीच्या सोप्या उताऱ्यावर ते 28 आले. दोन, मी वाचून दाखवलं तर त्याला किती कळतं. नान्नजच्या माळरानावरच्या लांडग्यांबद्दल एक उतारा मी वाचला. उतारा सहावीच्या मुलांना झेपेल असा होता. दादूनं तो क्रमानं परत सांगितला आणि वर विचारलं, "मग लांडगा शेतात कशाला येतो, माळ संपला म्हणून?" मामाबरोबर तो माळढोक अभयारण्यात जाऊन आला होता. माळढोक दिसला नव्हता, काळविटांचा कळप दिसला होता, आणि तेव्हापासून हाच त्याचा विषय.

म्हणजे कान सहावीतला आणि डोळा दुसरीतला. पुस्तक निवडताना ही दोन मापं वेगळी धरावी लागतात. डोळ्याच्या मापाचं पुस्तक आणलं तर विषय बाळबोध होतो, कानाच्या मापाचं आणलं तर पहिल्या पानावरच दमछाक होते. पिशवीतली सहाच्या सहा पुस्तकं यापैकी एका बाजूला पडलेली होती. तीन 'अ अननसाचा' छापाची, दोन जाड साहसकथांची आणि एक मोठं, गुळगुळीत, जंगलावरचं सचित्र पुस्तक. या शेवटच्या पुस्तकावर ताईंनी सर्वांत जास्त पैसे घातले होते. दादूलाही तेच आवडायचं, पण तो फक्त चित्रं बघायचा.

तेच पुस्तक मी आधी घेतलं. दादूला विचारलं, यात नेमका त्रास कुठं होतो? तो म्हणाला, "ह्याच्यात कुठं थांबायचं तेच कळंना." मुलांना अक्षरं नाचताना दिसतात असं आपण ऐकतो आणि त्यांच्या तोंडून तेच वदवून घेतो. दादूचं उत्तर त्याहून नेमकं होतं. पान उघडलं की त्याचं कारण समोर दिसत होतं.

कंपासपेटीतली पट्टी लावली. एका ओळीची शिरोरेषा ते खालच्या ओळीची शिरोरेषा हे अंतर सहा मिलिमीटर भरलं. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार. सहा मिलिमीटरमध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. इंग्रजीत दोन ओळींमध्ये जी मोकळी पट्टी राहते ती आपल्याकडे या चिन्हांनी भरून जाते. दादू ओळीच्या शेवटी पोचला की परत येताना एक ओळ गाळायचा, किंवा तीच ओळ पुन्हा वाचायचा. त्याचं 'कुठं थांबायचं' ते हेच.

ओळी दोन्ही बाजूंनी सरळ कापलेल्या होत्या. दिसायला नीटनेटकं, पण तसं करायला छपाईत शब्दांमधली जागा कुठे ताणली जाते, कुठे आवळली जाते. एका ओळीत शब्द एकमेकांना खेटून होते आणि खालच्याच ओळीत मधे बोटभर पोकळी. शिवाय अर्धा मजकूर रात्रीच्या जंगलाच्या चित्रावर पांढऱ्या अक्षरांत छापलेला होता. एका झाडाची फांदी एका वेलांटीत मिसळून गेली होती. मला स्वतःला ती वेलांटी शोधावी लागली. कागद इतका चकचकीत की ट्यूबलाइटखाली पान तिरकं धरावं लागे.

पुस्तकाचं एक पान असं तपासायला पाच मिनिटं पुरतात आणि दुकानात उभं राहूनही करता येतं. मी पालकांना सांगते ती मापं अशी : शिरोरेषा ते शिरोरेषा नऊ-दहा मिलिमीटर. संगणकाच्या भाषेत ते साधारण 18 पॉइंटचं अक्षर आणि दीडपट ओळअंतर होतं. एका ओळीत सात-आठ शब्दांपेक्षा जास्त नकोत. डावीकडची कड सरळ, उजवीकडची मोकळी. मजकूर एका बाजूला, चित्र दुसऱ्या बाजूला. कागद मळकट पांढरा किंवा निदान चमक नसलेला, आणि मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसू नयेत इतपत जाड. कागदाला मी फार महत्त्व देत नाही, ओळींच्या अंतराला देते.

ताईंनी तेव्हाच मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवला. त्यात डिस्लेक्सियासाठी खास बनवलेल्या फॉन्टची माहिती होती. मराठीत असा फॉन्ट मिळेल का, हा त्यांचा प्रश्न बऱ्याच पालकांचा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. OpenDyslexic हा फॉन्ट 2011 मध्ये आला आणि फुकट मिळतो. तळाशी जाड केलेली अक्षरं हे त्याचं वैशिष्ट्य. कल्पना अशी की b आणि d, p आणि q यांची उलटापालट थांबेल. ही गरज लॅटिन अक्षरांची आहे, कारण तिथं एकच आकार फिरवून चार अक्षरं होतात. देवनागरीत तसं होत नाही. आपल्याकडे मुलं अडकतात ती भ-म, घ-ध, थ-य, ब-व, प-ष या जोड्यांवर. त्यांच्यातला फरक एखाद्या गाठीचा, फटीचा किंवा रेघेचा असतो, दिशेचा नाही. आणि मुळात इंग्रजीतसुद्धा या खास फॉन्टनी मुलं जास्त चांगली वाचतात असं त्यावर झालेल्या अभ्यासांत दिसलं नाही. 2016 मध्ये अशाच दुसऱ्या एका फॉन्टचा अभ्यास झाला, तेव्हा जो थोडा फायदा दिसला तो अक्षरांच्या आकाराचा नव्हे, त्यांच्यातल्या वाढीव अंतराचा निघाला.

अंतराचं मात्र खरं आहे. 2012 मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवर झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात 14 पॉइंटच्या मजकुरात अक्षरांमधलं अंतर अडीच पॉइंटनी वाढवलं, आणि कसलाही सराव न देता डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या चुका लक्षणीय कमी झाल्या. शेजारच्या अक्षरांची गर्दी त्यांना जास्त नडते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

पण हेच देवनागरीत जसंच्या तसं करायला गेलं तर फसतं. मी संगणकावर दादूचा उतारा टाइप करून अक्षरांमधलं अंतर वाढवून पाहिलं. शिरोरेषा तुटली. 'माळरान' हा एक शब्द न राहता मा, ळ, रा, न असे चार तुकडे झाले. दादूनं ते चार वेगळे शब्द असल्यासारखे वाचले. आपल्या लिपीत शब्दाची हद्द शिरोरेषा सांगते, ती तोडून मुलाला मदत होत नाही. म्हणून मराठीत मोकळीक द्यायची ती शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये. शब्दांमधली एक रिकामी जागा दोन केली की काम होतं.

फॉन्ट अगदीच कुठलाही चालतो असंही नाही. रेघांची जाडी सारखी, पोटं मोकळी, गाठी स्पष्ट असा साधा फॉन्ट घ्यावा. मी 'मुक्त' वापरते, तो फुकट आहे. भ आणि म शेजारी छापून चार हात लांबून बघावं. फरक कळला तर फॉन्ट चांगला. आणखी एक बारकावा आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. महाराष्ट्र शासनानं 2009 मध्ये मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. शाळेच्या पुस्तकात मूल तेच बघतं. बाहेरची बरीच पुस्तकं मात्र हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये छापलेली असतात, तिथं ल आणि श वेगळे दिसतात. आपण ते नकळत वाचून जातो. दादू त्या 'ल'पाशी दर वेळी थबकायचा, कारण त्याच्या लेखी ते नवंच अक्षर होतं. पुस्तक घेण्याआधी ल आणि श कुठल्या वळणाचे आहेत ते बघून घ्यावं.

आता मांडणीनं नेमका किती फरक पडला ते बघू. त्या जंगलाच्या पुस्तकातला शंभर शब्दांचा एक उतारा दादूनं छापील पानावरून वाचला. सोळा चुका झाल्या. त्याच पुस्तकातला, साधारण तेवढ्याच जोडाक्षरांचा दुसरा उतारा मी मोकळ्या मांडणीत छापून दिला. तोच उतारा पुन्हा द्यायचा नाही, कारण दुसऱ्यांदा वाचताना आठवणीनं सुधारणा दिसते आणि आपण फसतो. या वेळी अकरा चुका. ओळ गाळणं पूर्ण थांबलं. वरच्या ओळीचा उकार खालच्या शब्दाला लावणंही थांबलं. उरलेल्या अकरा चुका मात्र मांडणीच्या नव्हत्या.

त्या शब्दांच्या होत्या. त्या उताऱ्यातलं एक वाक्य साधारण असं होतं : "सूर्यास्ताच्या वेळी अभयारण्यातील निस्तब्ध शांततेत पक्ष्यांचे थवे घरट्यांकडे परतू लागले." दहा शब्द, आठ जोडाक्षरं. पहिल्याच शब्दात तीन. 'सूर्या' वाचताना रफार दिसतो 'या'च्या डोक्यावर, पण उच्चारायचा 'या'च्या आधी. पहिली वेलांटी लिहिलेली असते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर. 'निस्तब्ध'मध्ये दोन्ही भानगडी शेजारी शेजारी : पुढे आलेली वेलांटी आणि मागोमाग दोन जोडाक्षरं. दादू इथं थांबला, चित्राकडं पाहिलं आणि 'निवांत' म्हणून पुढे गेला. अर्थ जवळचा, म्हणून आई खूश झाली. पण ते वाचन नव्हतं, अंदाज होता. चित्रावरून ओळखण्याची सवय लागली की मूल अक्षराकडे बघणंच सोडतं.

आता हेच असं लिहिलं तर : "ऊन उतरलं. माळावर सगळं शांत झालं. पाखरं थव्यानं घराकडे निघाली." दहाच शब्द, जोडाक्षर एक. मजकूर बाळबोध झालेला नाही. अशा भाषेत लिहिलेलं पुस्तक शोधायचं. दुकानात कुठल्याही एका पानावरचे पन्नास शब्द मोजावेत आणि त्यात जोडाक्षरं किती ते बघावं. दादूसाठी तेव्हा मी पन्नासात दहाची मर्यादा ठेवली होती. हा आकडा दादूचा आहे, दुसऱ्या मुलाचा वेगळा येईल. ही मोजणी करताना एक चांगली गोष्ट हाती लागली. माळढोक, काळवीट, लांडगा, तरस, ससाणा, घोरपड, टिटवी, मुंगूस. माळावरच्या या नावांत एकही जोडाक्षर नाही. दादूचा आवडता विषय त्याच्या डोळ्याला झेपणाराच होता. पुस्तकं मात्र 'अभयारण्य', 'संवर्धन', 'दुर्मिळ' असल्या शब्दांनी भरलेली.

शेवटची चाचणी शंभर शब्दांची. मूल वाचत असताना आपण गुपचूप चुका मोजायच्या. पाचपर्यंत चुका असतील तर पुस्तक एकट्यानं वाचायचं. सहा ते दहा असतील तर कुणाबरोबर तरी बसून. दहाच्या वर गेल्या तर ते पुस्तक कानाचं, म्हणजे आपण वाचून दाखवायचं. साहसकथांच्या पुस्तकांनी दादूच्या बाबतीत वीसचा आकडा ओलांडला होता.

त्या साहसकथांचा दुसरा दोष लांबीचा. एका पुस्तकात 96 पानं आणि पानावर साधारण दीडशे शब्द, म्हणजे चौदा हजार चारशे शब्द. मिनिटाला 28 शब्दांनी ते वाचायला साडेआठ तासांच्या वर लागतात. दादूचं लक्ष मोठ्यानं वाचताना दहा मिनिटं टिकतं. रोज दहा मिनिटं, एकही दिवस न चुकता, म्हटलं तरी पन्नास दिवस. पन्नासाव्या दिवशी पहिल्या दिवसाची गोष्ट कुणाला आठवणार? ताई म्हणाल्या, "म्हणजे ह्याचा आळस नव्हता." हा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वर्षभर त्या त्याला अर्ध्यावर सोडतोस म्हणून बोलत आल्या होत्या.

उलटा हिशेब केला तर दोन संध्याकाळी संपणारं पुस्तक म्हणजे साधारण साडेपाचशे शब्दांचं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर (storyweaver.org.in) मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. पहिली पातळी अडीचशे शब्दांपर्यंत, दुसरी 250 ते 600, तिसरी 600 ते 1500. दादूसाठी दुसरी पातळी. पण इथं माझी चूक झाली. मी सुरुवात सुरक्षित म्हणून पहिल्या पातळीच्या छोट्या गोष्टींनी केली. दोन दिवस बरं गेलं. तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला की आतेभाऊ घरी आला तसं दादूनं पुस्तक गादीखाली सारलं. पुस्तकावर फुगा धरलेल्या हत्तीच्या पिल्लाचं चित्र होतं. साडेनऊ वर्षांच्या मुलाला ते चारचौघांत हातात धरवत नाही. तेव्हापासून मुखपृष्ठ बघितल्याशिवाय मी पुस्तक देत नाही. गोष्टींऐवजी माहितीची पुस्तकं घेतली की हा पेच बराच सुटतो. प्राण्यांवरच्या चारशे शब्दांच्या पुस्तकाला कुणी लहान मुलांचं म्हणत नाही.

स्टोरीवीव्हरचा आणखी एक उपयोग झाला. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत, त्यामुळे मजकूर उतरवून घेऊन, हव्या त्या मांडणीत छापून वापरता येतो. विषय आवडला पण ओळी दाटीच्या, असं झालं की मी मजकूर मोठ्या अक्षरात छापून, मधोमध शिवून वही करते. विकत घेतलेल्या पुस्तकाचं असं रूपांतर दिव्यांग मुलाच्या वापरासाठी करायलाही आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं मुभा दिली आहे. ते विकायचं नाही, एवढं पाळायचं.

आता आवाजाबद्दल. इथं आमचे दोन महिने गेले, पण शिकायलाही इथंच सर्वांत जास्त मिळालं.

ताईंनी पहिल्यांदा केलं ते सगळेच करतात. मोबाइलवर गोष्ट लावली आणि पुस्तक हातात दिलं. दादू रंगून ऐकत होता, घरच्यांना वाटलं वाचतोय. मी एकदा मधेच थांबवून म्हटलं, "आत्ता बोलला तो शब्द कुठंय, बोट ठेव." आवाज सहाव्या पानावर होता, दादूचं पुस्तक तिसऱ्यावर. बोट ठेवायची ही परीक्षा मी आता सगळ्यांना शिकवते. पाच मिनिटांत तीनदा थांबवायचं. तिन्ही वेळा बोट शब्दावर, निदान त्या ओळीवर हवं. नसेल तर ते वाचन नाही, ऐकणं आहे.

ऐकणं वाईट नाही. दादूचा सहावीतला कान उपाशी ठेवायचा नसतो. शब्दसंग्रह, मोठी वाक्यं, गोष्ट कशी उलगडते हे सगळं त्याला कानानंच मिळणार आहे, नाहीतर दोन-तीन वर्षांत तेही मागं पडतं. म्हणून रात्री झोपताना जाड साहसकथा, पुस्तक बंद, दिवा बंद, नुसतं ऐकायचं. पिशवीतली ती दोन पुस्तकं अशी वापरात आली. आजीला डोळ्यांमुळे वाचवत नाही, तीही ऐकायला बसते. पण ऐकत वाचणं वेगळं, आणि त्यासाठी लागणारा आवाज वेगळा.

बाजारातले बहुतेक आवाज त्यासाठी वेगवान असतात. सराईत वाचक मिनिटाला शंभराच्या वर शब्द घेतो. वेग पाऊणपट केला तरी दादूच्या 28 च्या मानानं तो धावतच असतो, आणि आवाज ओढल्यासारखा होतो. मागं संगीत आणि पक्ष्यांचे आवाज असले की शब्दाचे शेवट बुडतात. मराठीत सगळं व्याकरण शेवटीच असतं : घराकडे, घरातून, घरापाशी. शेवट ऐकू आला नाही की डोळ्यासमोरचा शब्द जुळत नाही.

म्हणून घरीच आवाज भरायचं ठरलं. पहिला प्रयत्न आजीचा. आवाज गोड, सांगण्याची ढब सुरेख. पण ताईंनी एकदा वाचून दिलेलं आजीनं आपल्या शब्दांत सांगितलं. पुस्तकात होतं "तरस रातच्याला बाहेर पडतं", आजी म्हणाली "रात झाली बघ, की मग तरस निघतं बाहेर". दादूचं बोट दुसऱ्याच ओळीत हरवलं. आवाज आणि छापील मजकूर शब्दाला शब्द जुळला पाहिजे, हे आम्हाला तिथं कळलं. विकतच्या ध्वनिपुस्तकांतही हे बघावं लागतं. आवाज संक्षिप्त आवृत्तीचा आणि पुस्तक पूर्ण, किंवा दोन वेगळी भाषांतरं, असं असलं की जोडी निरुपयोगी. पहिली दोन पानं जुळवून बघितल्याशिवाय पैसे भरू नयेत.

मग आवाज दादूच्या आत्याचा घेतला. ती शेजारच्या गल्लीत राहते. गल्लीत यंत्रमाग आहेत, त्यांची खटखट दिवसभर. माग बंद झाल्यावर रात्री दहानंतर, खिडकी लावून, मोबाइल उशीवर ठेवून ती भरायची. वेग मिनिटाला पन्नासाच्या आसपास ठेवला. शब्द ओढून नाही. शब्द ओढला की 'माळरान'चं 'माऽळऽराऽन' होतं आणि दादू ते चार तुकड्यांत ऐकतो. शब्द नेहमीच्याच गतीनं म्हणायचे आणि तीन-चार शब्दांच्या गटानंतर श्वासभर थांबायचं : "माळावर सगळं शांत झालं / पाखरं थव्यानं / घराकडे निघाली." थांबण्याच्या त्या जागी डोळा येऊन पोचतो. पान उलटायची खूण म्हणून आत्यानं वाटीवर चमचा वाजवायचं ठरवलं. एका ध्वनिफितीत दोनच पानं, म्हणजे मागं जायचं झालं तर शोधत बसायला नको.

वापरण्याचा क्रम असा ठरला. पहिल्या दिवशी एकदा फक्त ऐकायचं. मग बोट ठेवून दोनदा ऐकत वाचायचं. दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून एकट्यानं वाचायचं. हा शेवटचा भाग गाळला की आवाज कुबडी होऊन बसतो. आम्ही सुरुवातीला तो गाळला होता. तीन आठवड्यांनी दादू सगळं पान तोंडपाठ म्हणत होता आणि पुस्तक उलटं धरलं असतं तरी चाललं असतं. हे ओळखायला सोपा उपाय आहे : पानावरची तीन वाक्यं क्रम बदलून कागदावर लिहून द्यावीत. पाठ असेल तर मूल जुन्याच क्रमानं म्हणायला लागतं.

चार महिन्यांनंतरचं चित्र असं. सहा पातळ पुस्तकं पूर्ण झाली, चार माहितीची आणि दोन गोष्टींची. डोळ्याच्या मापाच्या नव्या उताऱ्यावर वेग 28 वरून 36 झाला, चुका शंभरात चारवर आल्या. वेगाची वाढ लहान आहे आणि ती पुस्तकांमुळे किती, अक्षर-ध्वनीच्या शिकवणीमुळे किती, हे मला वेगळं काढता येत नाही. अंदाजानं शब्द ठोकून देणं खूप कमी झालं. रफार अजून चुकतो. ताईंनी मधे पानावर ठेवायचे रंगीत पारदर्शक कागद आणले होते. तीन रंगांवर मोजून पाहिलं, फरक पडला नाही, ते बाजूला ठेवले.

शाळेचं पाठ्यपुस्तक मात्र बदलता येत नाही. परिसर अभ्यासाचे धडे जोडाक्षरांनी भरलेले असतात. ते आम्ही कानाच्या बाजूला टाकले आहेत : आत्या वाचते, दादू ऐकतो, उत्तर तोंडी देतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, त्यामुळे परीक्षेत वाचून दाखवणारा मिळण्याचा मार्ग आहे. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र काढायचं काम सुरू केलं आहे. ते झालं की सुगम्य पुस्तकालयावर नाव नोंदवायचं आहे. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी 2016 मध्ये सुरू झालेलं ते ऑनलाइन ग्रंथालय आहे आणि डिस्लेक्सिया त्यात बसतो.

मागच्या आठवड्यात दादू मुलांच्या एका मासिकाचा जुना अंक घेऊन आला, रद्दीतून मिळालेला. त्यात खोकडावर दोन पानी लेख. मी पट्टी लावली : ओळी सात मिलिमीटरवर, पानाला दोन रकाने, आणि पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात जाताना दादू सरळ आडवा वाचत गेला. पन्नास शब्दांत जोडाक्षरं चौदा. शंभर शब्दांची चाचणी घेतली, नऊ चुका. एकट्यानं वाचायचं नाही, पण कुणीतरी बरोबर बसलं तर जमेल असं ते माप. जुन्या लग्नपत्रिकेचं जाड पुठ्ठ्याचं पाकीट कापून दुसरा रकाना झाकता येईल अशी पट्टी केली. लेखाचे चार भाग पाडले, पेन्सिलीनं आडव्या रेघा मारून. आत्याला निरोप गेला आहे, आज रात्री माग थांबले की ती पहिला भाग भरणार आहे.